"मॅडम, पिन बसली ना? मग झालं!"

आज दुपारी एमजी रोडवरच्या एका दुकानात हे वाक्य ऐकलं आणि डोकंच फिरलं. घरी येऊन चहाही घेतला नाही, आधी हे लिहायला बसले.

भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर मानेपाशी तुटली, तेव्हा ताईने साडेपाचशेत दुसरा आणला. ओरिजिनल अडीच हजाराच्या घरात होता. ताईला कसं बोलणार? महिन्याचं गणित तीच जुळवते. पण त्यानंतर दोन आठवडे लॅपटॉप असा रखडला की पोरगी रडकुंडीला आली. प्रोजेक्टची फाईल उघडायला पाच-पाच मिनिटं. कुणी म्हणे व्हायरस, कुणी म्हणे रॅम कमी. शेवटी आठशे रुपये देऊन फॉरमॅटही मारून आणला. फरक शून्य!

रविवारी ती माझ्याकडे आली. बॅटरी ४१ टक्क्यांवर थिजलेली, खाली अक्षरं: Plugged in, not charging. Task Manager उघडून Performance मध्ये CPU चा Speed पाहिला. ०.७८ गिगाहर्ट्‌झ, हलायचं नाव नाही. मी चार्जर उपटला आणि आकडा सरळ अडीचच्या वर गेला. भाची ओरडलीच, "मावशी, हे काय केलंस?" मी काहीच केलं नव्हतं. चार्जर काढल्यावर लॅपटॉप पळतो आणि लावल्यावर रांगतो, तर दुखणं चार्जरच्या बाजूला आहे, एवढंच दिसलं.

तिच्या लॅपटॉपच्या गोल पिनच्या मध्यभागी सुईसारखा एक बारीक काटा आहे. सगळ्या कंपन्यांच्या चार्जरला तो नसतो, पण ज्यांना असतो त्यांचं सगळं त्यावर अडतं. त्या काट्यातून लॅपटॉपला ऊर्जा मिळत नाही, फक्त ओळख पटते. ओरिजिनल चार्जरमधली छोटी चिप त्यातून सांगते की मी ६५ वॉटचा आहे. नकली चार्जरमध्ये ती चिप नसली किंवा नीट बोलली नाही, तर समोरचा चार्जर किती भार पेलेल हे लॅपटॉपला कळतच नाही. मग तो सावध होतो. बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग पाडून कमीत कमी विजेवर भागवतो. सुरू करताना AC power adapter type cannot be determined असा इशाराही येत होता, पण भाची रोज एंटर दाबून पुढे जात होती. पिन बसली होती ना!

हो, ओरिजिनलचाच काटा वाकला किंवा तुटला तरी हेच होतं, हे मान्य. म्हणून आधी दुसऱ्या लॅपटॉपचा तसाच ओरिजिनल लावून पाहिला. बॅटरी लगेच चढायला लागली.

रखडणं एक वेळ परवडलं, मला धास्ती वेगळ्याच गोष्टीची आहे. हा नकली चार्जर अर्ध्या तासात हात ठेववेना इतका तापला. लॅपटॉप जेमतेम वीज घेत असताना! दोन्ही चार्जर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. तुटलेला ओरिजिनल २३० ग्रॅम, हा १४०. दोन्हींवर छापलंय मात्र तेच: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. वजनावरून सगळं ठरत नाही, नव्या तऱ्हेचे चांगले चार्जर हलके असतात, ठीक आहे. पण आत घरातल्या २३० व्होल्टची बाजू आणि १९.५ व्होल्टची बाजू यांच्यात पुरेसं अंतर आणि इन्सुलेशन लागतं. पैसे वाचवायला तिथेच हात मारला, तर कधी ना कधी मेनची वीज लॅपटॉपपर्यंत येऊ शकते. आणि ही पोरगी रात्री तो चार्जर गादीवर, उशीच्या शेजारी ठेवून अभ्यास करत होती!

आज दुकानदाराला एवढंच विचारलं, "दादा, यावर बीआयएसचा R- ने सुरू होणारा नंबर का नाही?" बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो; भारतात अ‍ॅडॉप्टर विकायला ती नोंदणी सक्तीची आहे, नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. त्यावर त्याने ते वाक्य ऐकवलं.

दुसऱ्या कंपनीचा प्रत्येक चार्जर वाईट नसतो, हेही लिहून टाकते. व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, नोंदणी खरी आणि लॅपटॉप त्याला ओळखतो, तर खुशाल वापरा. जास्त अँपिअरने काही बिघडत नाही, लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो.

ताई सकाळपासून गप्प आहे. साडेपाचशे, वर आठशे, आता पुन्हा अडीच हजार. मी तिला काही बोलले नाही, नवीन चार्जर मीच मागवलाय. मघाशी तो नकली चार्जर उचलून म्हणाली, "राहू दे गं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मी कात्री आणली आणि पिनच्या मागून वायर कापून टाकली.