कमी बोलणाऱ्या माणसाला मेसेज करताना

माझ्या मावसभावाला त्याच्याच ऑफिसमधली एक मुलगी आवडते. मुलगी शांत, चारचौघांत कमी बोलणारी. "ताई, ती रिप्लायच देऊन नाही राहिली. तिला मी आवडत नसेन," असं म्हणत परवा त्यानं फोन माझ्या हातात दिला. त्याचे मेसेज ओळीनं होते. 'हाय', 'काय करून राहिली?', 'जेवण झालं?', 'आज खूप काम होतं का?', 'संडेला काय प्लॅन?' आणि अर्ध्या तासानं नुसतं '?'.

यातला एकही मेसेज वाईट नाही. पण तिच्या बाजूनं बघा. पाच वेळा फोन वाजला आणि चार प्रश्न आले. आधी कशाचं उत्तर द्यायचं, हेच कळत नाही. 'काय करून राहिली?' हा प्रश्न आपल्याला सोपा वाटतो, पण अबोल माणसाला त्यात काय सांगावं ते आधी ठरवावं लागतं. शिवाय उत्तर दिलं की लगेच पुढचा प्रश्न येणार, हेही ठाऊक असतं. मग ती म्हणते, निवांत झाल्यावर लिहू. रात्र जाते. उशीर झाला म्हणून संकोच वाटतो, आणि संकोचापायी आणखी उशीर होतो. त्यात ते '?' म्हणजे चक्क तगादा.

मी त्याला विचारलं, तिनं स्वतःहून तुला काय काय सांगितलंय? बराच वेळ आठवल्यावर म्हणाला, तिला तिखट सोसत नाही, पोह्यांवर तर्री अगदी थोडी घेते. मग चार दिवस गप्प राहून त्यानं एकच मेसेज केला: 'आज कस्तुरचंद पार्कजवळ पोहे खाल्ले. तर्री घेताना तू आठवलीस, म्हणून कमीच घेतली.'

यात प्रश्न नाही, त्यामुळे उत्तराची सक्ती नाही. तरी तू बोललेलं माझ्या लक्षात आहे आणि तू नसताना तू आठवतेस, हे दोन्ही त्यात आलं. माझ्या मते फ्लर्टिंग ते हेच. 'तू खूप सुंदर दिसतेस' याला ती 'थँक्यू'शिवाय काय म्हणणार? तिच्याच एखाद्या बारीकशा गोष्टीला हात लावला की तिला बोलायला जागा मिळते. आणखी एक म्हणजे एवढा मेसेज नोटिफिकेशनमध्येच जवळजवळ पूर्ण वाचता येतो. चॅट न उघडता, निळ्या टिकांचं दडपण न घेता तिला सावकाश विचार करता येतो.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं: 'कमी तर्री म्हणजे पोह्यांचा अपमान, असं तूच म्हणाला होतास ना?'

भाऊ लगेच दहा ओळी टाइप करायला निघाला होता. मी थांबवलं. तिनं एक ओळ लिहिली, तर आपणही एकच लिहावी. त्यानं लिहिलं, 'तुझ्यासाठी चालतो.' बस. तो दिवस तिथंच सोडला.

भेटायचं विचारतानाही हेच. 'कधी भेटायचं?' यात दिवस, वेळ, जागा, सगळं ठरवण्याचं ओझं तिच्यावर पडतं. त्यापेक्षा 'रविवारी सकाळी चहा घेऊ या? फुटाळा की अंबाझरी? या रविवारी नको असेल तर तसंही सांग' असं विचारलं, तर उत्तर एका शब्दात देता येतं आणि नकारही संकोच न करता देता येतो. भावानं तसंच विचारलं. तिनं संध्याकाळी लिहिलं, 'सेमिनरी हिल्स. तिथं शांत असतं.' भावाला ते तुटक वाटलं. मला उलट फार छान वाटलं. दिलेल्या दोन जागा सोडून तिनं तिच्या आवडीची तिसरी सुचवली होती, म्हणजे ती येण्याचा विचार मनापासून करत होती.

अबोलपणा आणि नकार यातला फरक मला इथंच दिसतो. अबोल माणूस उशिरा लिहितो, थोडं लिहितो, पण त्यात स्वतःचं काहीतरी घालतो. जुनी गोष्ट काढतो, एखादा फोटो पाठवतो, या रविवारी जमत नसेल तर दुसरा दिवस सुचवतो. फक्त 'हो', 'हम्म', 'बघू' येत असेल, भेटीला दरवेळी 'नाही जमणार' आणि त्यापुढं काहीच नसेल, तर तिला नको आहे असं समजावं. 'ती लाजाळू आहे, मनातून हो आहे' अशी समजूत काढून मेसेज करत राहणं मला अजिबात मान्य नाही. आठवडाभराच्या अंतरानं केलेले दोन साधे मेसेज अनुत्तरित राहिले, तर तिसरा करू नये. कारण विचारायलाही नाही. ऑफिस एकच असेल तर हे जास्तच कटाक्षानं पाळावं, कारण तिला रोज त्याच मजल्यावर कामाला यायचं असतं.

आणि न विचारता कॉल करू नका, तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवू नका. 'तुला कोणत्या वेळी मेसेज आलेला बरा वाटतो?' हे एकदा सरळ विचारा. भावानं विचारलं, तर ती म्हणाली, 'रात्री नऊनंतर नको.' आता तो साडेआठलाच लिहितो, तेही रोज नाही.