"आधीच्या भाडेकरूंना कधी त्रास झाला नाही"

आज सकाळी घरमालक काकांचा मेसेज आला. मीटरवरचा विजेचा भार वाढवून घ्या असं सांगून मी तीन आठवडे ज्या उत्तराची वाट बघत होते, ते उत्तर हे: "आधीच्या भाडेकरूंना कधी त्रास झाला नाही." खाली हात जोडलेली इमोजी. विषय संपला.

हो काका, नसेल झाला. आधीचे दोघं नवराबायको सकाळी आठला बाहेर पडायचे आणि रात्री आठला परत यायचे. त्यांच्या घरात दिवसा फक्त फ्रिज जागा असायचा. आमच्या घरात दिवसभर माणसं असतात आणि त्यातलं एक माणूस पगार मिळवण्यासाठी स्क्रीनसमोर बसलेलं असतं.

तो मंगळवार मी विसरणार नाही. साडेनऊला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. दार लावून बसायचं म्हणून आतल्या खोलीतला एसी चालू. आईला मे महिन्यातही अंघोळीला कढत पाणी लागतं, म्हणून गीझर चालू. सिलिंडर संपलेला, म्हणून इंडक्शनवर वरण. मी सातव्या स्लाइडवर होते. "आता पुढच्या तिमाहीचं..." एवढं म्हटलं आणि समोरचे सगळे चेहरे गेले. चार मजले स्लीपर घालून धावत मीटर रूममध्ये. जास्त वीज ओढली की पुरवठा तोडणारा आमचा एमसीबी पडलेला. वर केला, लगेच खाली आला. दोन मिनिटं थांबून पुन्हा केला, तेव्हा राहिला. त्याच्या काळ्या अंगाला बोट लावलं तर इस्त्रीला लागल्यासारखं झालं.

माझ्या मित्रमंडळींना वेगळं सांगायला नको, पण काकांसाठी सगळा हिशोब कागदावर मांडला होता. एसी दीड किलोवॅट, गीझर दोन, इंडक्शन एक पूर्णांक सहा, माझा कॉम्प्युटर, दोन स्क्रीन, राउटर, फ्रिज, पंखे मिळून साधारण पॉइंट चार. एकूण साडेपाच. याला २३० व्होल्टने भागलं की २४ अँपिअर. आणि खाली एमसीबी आहे १६ चा. म्हणजे क्षमतेच्या दीडपट ओझं. एवढ्या ओझ्याला एमसीबी ताबडतोब पडत नाही. आतली पट्टी हळूहळू तापते, वाकते आणि काही मिनिटांनी सोडते. मीटर रूम आधीच भट्टी असेल तर त्याहूनही लवकर. म्हणूनच सातव्या स्लाइडपर्यंत पोचले. शॉर्ट सर्किट असतं तर बटण दाबताक्षणी गेलं असतं आणि पुन्हा वर राहिलंच नसतं. हा फरक कळला की "तुमच्याच एखाद्या यंत्रात फॉल्ट असेल" हे ऐकून घ्यायची गरज उरत नाही.

बिलावर बघा, "मंजूर भार" असा एक रकाना असतो, म्हणजे एकावेळी किती वीज ओढायची कंपनीची परवानगी आहे ते. आमच्या बिलावर तिथे दोन किलोवॅट आहे. दोन! एकटा गीझर लावला की मंजूर भार संपला. मी मागते काय, तर तो सहा करून घ्या. ज्याच्या नावावर मीटर आहे त्यालाच अर्ज करता येतो, मी भाडेकरू, माझ्या सहीला तिथे किंमत नाही. खर्च मी देते म्हटलं. वायर बदलायचे पैसेही मी देते. जी काही जादा अनामत भरावी लागेल, ती मीटरच्या नावावरच राहते आणि तिच्यावर व्याजही मिळतं. अजून काय करू?

काकांनी काय केलं, तर त्यांचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन पाठवला. तो आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, १६ काढून ३२ टाकतो, दहा मिनिटांत काम." मी म्हटलं, मीटरपासून वर येणारी वायर किती चौरस मिलिमीटरची आहे? तो म्हणाला, "अडीचची." अहो, मग एमसीबी बसवलाय कशासाठी! तो त्या वायरीसाठी पहारेकरी आहे. अडीचच्या तांब्याच्या वायरीतून २४ अँपिअर तासन्तास ओढले तर तापते वायर, आणि पहारेकऱ्याला ३२ पर्यंत झोपायची मुभा दिलेली. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. मीटरच्या जोडणीपाशी प्लास्टिक आधीच तपकिरी झालंय, जवळ गेलं की जळक्या बटणासारखा वास येतो. मंगळवारी मी हाताने चाचपलंय ते.

काकांची दुसरी भीती म्हणजे, "घरून काम करताय, मीटर कमर्शियल करतील." काका, महाराष्ट्रात वकील, डॉक्टर, सीए घरातून आपला व्यवसाय करतात तरी दर घरगुतीच राहतो, नर्सिंग होम थाटलं तर गोष्ट वेगळी. मी तर कॉम्प्युटरसमोर बसलेली नोकरदार. आणि स्मार्ट मीटर लागला की तो प्रत्येक महिन्यात एकावेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली ते स्वतःच टिपतो. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार वर्षात तीन वेळा मंजूर भार ओलांडला की भार वाढवायचा विषय कंपनीच काढू शकते. म्हणजे टाळून टळणार नाही.

बरं, एक मान्य. मी अकरा महिन्यांची पाहुणी, उद्या गेले तर वाढलेला भार त्यांच्याच गळ्यात. मान्य. पण अडीचच्या जागी आलेली सहाची जाड वायर आणि नीट जोडणीही त्यांच्याच घरात राहते ना?

एवढं टाइप करून मी काकांना फोन लावला. भांडायच्याच तयारीत होते.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, मीटर दादांच्या नावावर आहे." दादा म्हणजे त्यांचे वडील. ते जाऊन सहा वर्षं झाली. भार वाढवायचा तर आधी नाव बदलायला हवं, नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला, घराची कागदपत्रं, आणि धाकट्या भावाची संमती, आणि भाऊ बोलत नाही. रजिस्टर्ड मोबाइल नंबरही दादांचाच, ओटीपी जातो एका बंद पडलेल्या सिमवर.

मला काय बोलावं कळेना. तीन आठवडे मी माणसाला चिकट समजत होते. म्हणजे थोडे चिकट आहेतच, मागच्या वर्षी नळाची तोटी बदलायला पाच महिने घेतले होते. पण हे तसं नव्हतं. दर महिन्याला बिलावर दादांचं नाव छापून येतं, मी ते फोटो काढून काकांना पाठवते, आणि बहुधा त्यांना ते नाव तसंच राहावंसं वाटत असेल. पण काका, हे आधी सांगायचं होतं! मी मूर्खासारखी किलोवॅटचे हिशोब पाठवत बसले.

रविवारी ते येणार आहेत, फाइल घेऊन. भावाला फोन मी करू का विचारलं, तर हसले पहिल्यांदा. "नको, मीच करतो."

तोपर्यंत गीझरच्या स्विचवर कागद चिकटवलाय: "एसी बंद असेल तरच." आईने त्याखाली पेनाने लिहिलंय, "आणि वरण झाल्यावर."