पाहुणे आले असतील म्हणे!

दोन महिन्यांचं पाण्याचं बिल आलं. 81 युनिट! नेहमी 36 च्या आसपास असतं. आणि काउंटरवरचे गृहस्थ मान वर न करता म्हणतात, "पाहुणे आले असतील."

पाहुणे. एक युनिट म्हणजे 1000 लिटर. एक माणूस दिवसाला 150 लिटर वापरतो असं धरलं, तर आठवडाभर राहिलेला पाहुणा जेमतेम एक युनिट वापरून जातो. वाढलेत 45 युनिट. म्हणजे चाळीसेक माणसं आमच्याकडे आठवडाभर मुक्कामाला होती आणि आम्हाला पत्ताच नाही! हा हिशोब मी काउंटरवर उभ्याउभ्या सांगितला. त्यावर उत्तर : "मग नळ चालू राहिला असेल." पुढे : "आधी भरा, मग तक्रार करा." हे वाक्य यांना नोकरीवर घेतानाच पाठ करून घेतात का?

आणि ते बिल! जे वाचायचं ते मुंगीच्या अक्षरात, आणि 'पाणी जपून वापरा' मात्र हे एवढं मोठ्ठं. रीडिंगच्या शेजारी 'सरासरी' छापलंय की 'प्रत्यक्ष' हे बघायला डोळ्यांवर ताण द्यावा लागतो, आणि बघायचं असतं नेमकं तेच. चार बिलं सरासरीने आली आणि पाचव्या वेळी कुणी खरंच मीटर वाचला, की मागची सगळी तूट एकदम अंगावर येते. आमचं तसं नव्हतं. आधीचं रीडिंग प्रत्यक्ष, आत्ताचंही प्रत्यक्ष. मीटरवरचा आकडाही बिलाच्या थोडा पुढे, म्हणजे असायला हवा तिथेच. (मीटरचं झाकण चिखलात गाडलेलं असतं. ते उघडताना जे तोंडून निघालं ते इथे लिहीत नाही.)

मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारण्याची हौस आली. "मीटर पळतोय, बदलून घ्या." "आमचं तर एवढं कधीच येत नाही." हे दुसरं लिहिणाऱ्या माणसांचं नक्की काय करावं? कुणाचा पाय मोडला तरी हे सांगतील, आमचा नाही मोडला.

मीटर पळतोय म्हणणाऱ्यांनो, आतलं चक्र झिजलं की जुना मीटर बहुतेक वेळा मागे पडतो, पुढे नाही. म्हणून तर जुना बदलून नवा बसवला की बिल वाढतं. नवा खरं बोलायला लागलेला असतो. बंद पडलेला पुरवठा परत सुरू होताना पाइपातली हवा चक्र फिरवते, तेवढा अपवाद खरा. तरी संशय नको म्हणून बादली लावली. एक लिटरच्या बाटलीने मोजून 20 लिटरवर खूण केली, घरातलं बाकी सगळं बंद ठेवलं आणि पाच बादल्या भरल्या. मीटर 102 लिटर पुढे गेला. घरच्या बादलीच्या मापात दोन लिटर इकडेतिकडे व्हायचेच. 36 चे 81 करणारा मीटर या शंभर लिटरला सव्वादोनशे दाखवता. म्हणजे मीटर निर्दोष. फार वाईट वाटलं, कारण त्या कार्यालयाला लिहायचं पत्र मनात तयार होतं आणि त्यातली विशेषणं सुंदर होती.

वापर वाढला असेल, हा घरच्यांचा सिद्धांत. त्यावर मी जो छळ मांडला तो आठवला की आता हसू येतं. आंघोळीला कोण किती वेळ लावतं याची टिपणं, भांडी घासताना मागे उभं राहून सूचना. मला 'जलसंपदा मंत्री' म्हणायला लागले. पण वापराची एक खूण असते : माणसं झोपली की तो थांबतो. गळती झोपत नाही. त्यामुळे उत्तर रात्रीच मिळणार होतं.

रात्री 11 वाजता सगळे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद, 'आता कुणीही फ्लश करायचं नाही' असा हुकूम, आणि मी टॉर्च घेऊन मीटरपाशी. आकडा 4127.316. सकाळी 6 ला 4127.529. सात तासांत 213 लिटर! तासाला तीस, दिवसाला 730, साठ दिवसांना जवळजवळ 44 युनिट. वाढ होती 45 ची. रात्रीची गळती आणि बिलातली वाढ इतकी जुळली, की पाहुणे, मीटर आणि आंघोळी सगळेच सुटले. अर्धा लिटर मिनिटाला, बस. एवढ्याशा धारेने ही वाट लावली.

आमच्याकडे थेट लाइन आहे म्हणून हे जमलं. गच्चीवर टाकी असेल तर मीटर फक्त टाकी भरताना फिरतो, आणि रात्री पुरवठाच नसेल तर फिरणारच नाही. तिथे टाकीत येणारं पाणी बंद करून रात्रीची पातळी खडूने आखायची आणि सकाळी बघायची.

आता प्लंबर. आल्या आल्या बाथरूमच्या फरशीवर हातोडीच्या दांड्याने टकटक करून म्हणाला, "जमिनीत लीकेज आहे, फोडावं लागेल." कशावरून? "अनुभवावरून." या माणसाच्या अनुभवाने आमचा एक बेसिन आधीच तिरका बसलाय. मी म्हटलं, थांबा. मीटरवर एक बारीक चांदणी असते, थोडंसं पाणी गेलं तरी फिरते. घरात येणारा मुख्य कॉक बंद केला, चांदणी थांबली. म्हणजे मीटर ते कॉक हा पाइप ठीक, गळती घराच्या आत. मग कॉक उघडून कमोडच्या फ्लश टँकचा अँगल कॉक बंद केला. चांदणी पुन्हा थांबली! जमिनीतली गळती कमोडचा कॉक बंद केल्याने थांबते का हो?

टँकचं झाकण काढलं तर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या काठापर्यंत. अँगल कॉक बंद असूनही पातळी तिथेच राहिली, म्हणजे खालचा रबर धरून होता. तो गळका असता तर पातळी उतरली असती. बिघाड वरच्या भरणाऱ्या व्हॉल्वमध्ये. त्याचा वॉशर झिजला होता, तो बंदच होत नव्हता. जास्तीचं पाणी नळीतून थेट कमोडमध्ये, मागच्या भिंतीवरून इतकं पातळ की दिसत नाही, टपटप नाही, ओल नाही. व्हॉल्व बदलला, चांदणी मेल्यासारखी स्थिर.

प्लंबरने तरी पैसे 'तपासणीचे' म्हणून वेगळे घेतले. तपासणी कुणी केली?

आणि काउंटरवर परत गेलो तर, "मीटरच्या पुढची गळती तुमची जबाबदारी." बरं, माझी. पण वापर दुप्पट झाल्याचं तुमच्या संगणकाला रीडिंग टाकतानाच दिसलं होतं ना? मग बिलावर 'गळती तपासा' एवढे दोन शब्द छापायला काय होतं? शिवाय वरच्या टप्प्यात गेलेल्या युनिटांना दर चढा, म्हणजे जे पाणी कमोडमधून नुसतं वाहून गेलं तेच सगळ्यात महाग. आणि रीडिंगच्या तारखेपासून व्हॉल्व बदलेपर्यंतचे दिवस पुढच्या बिलात यायचेत अजून.