तीन बटणं, सहा जागा: एका प्रतिक्रियेला उत्तर

कीबोर्डवर काही ठरावीक तीन बटणं एकत्र धरली की एखादं उमटतच नाही. याचं कारण बटणांखालच्या तारांच्या जाळीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये आहे, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

> लेख वाचला. मॅट्रिक्स आणि घोस्टिंगचं एवढं पुराण लावायची गरज नव्हती. यूएसबी एका वेळी सहाच बटणं पाठवू शकतं आणि स्वस्त कीबोर्डात ती मर्यादा तीन-चारवर येते, एवढंच कारण आहे. माझ्याकडे वरचा बाण, डावा बाण आणि स्पेस एकत्र चालत नाहीत, कीबोर्डवर ‘अँटी-घोस्टिंग’ छापलेलं असूनही. आकृतीतली अक्षरं तर वाचताच येत नाहीत. लिहिण्याआधी जरा तपासत चला, इकडचं तिकडचं उचलून लेख होत नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची प्रतिक्रिया त्या एका वाक्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते. मतभेद असायला माझी ना नाही. पण ‘इकडचं तिकडचं उचलून’ हे कशाच्या आधारावर? कुठून काय उचललं ते दाखवा, मी लेख काढून टाकतो. कीबोर्ड उघडणं, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड एकेक करून सोल्डर करणं, जळलेला शोधून काढणं हे मी बरीच वर्षं स्वतःच्या हातांनी करत आलोय, आणि लेखात लिहिलेलं सगळं त्यातूनच आलंय. तुम्हाला ते पटलं नाही तर ‘पटलं नाही’ एवढं म्हणायची सोय मराठीत आहे.

आकृतीचं म्हणाल तर बरोबर आहे. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात. मोठी केली आहेत.

आता यूएसबीचं. तुमचं म्हणणं असं की अडचण संख्येची आहे. मग ती मोजून पाहू. साधा यूएसबी कीबोर्ड बटणांची खबर आठ बाइटांत पाठवतो. पहिला बाइट शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट वगैरेंचा, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहा जागांत दाबलेल्या बटणांचे क्रमांक. तुमचा ‘सहा’ इथून आला, आणि तो आकडा खराच आहे, मी तो कुठेही नाकारलेला नाही. (लेखात त्यावर अख्खा परिच्छेद आहे. वाचला म्हणालात म्हणून सांगतो.) लिनक्सवर हे बाइट जसेच्या तसे बघता येतात:

```
sudo usbhid-dump -m VID:PID -e stream
```

VID:PID च्या जागी lsusb मध्ये दिसणारा तुमच्या कीबोर्डचा क्रमांक घाला. आधी दुसरा एखादा कीबोर्ड जोडून ठेवा, कारण ही आज्ञा चालू असताना जो कीबोर्ड तपासताय तो सिस्टिमच्या हातात राहत नाही, आणि मग थांबवायचं कशाने हा प्रश्न पडतो. आता वरचा बाण आणि डावा बाण धरून ठेवा. असं काहीसं दिसेल:

```
00 00 52 50 00 00 00 00
```

52 म्हणजे वरचा बाण, 50 म्हणजे डावा. पुढे चार जागा रिकाम्या आहेत. आता स्पेस दाबा. स्पेसचा क्रमांक 2C. तुमच्या कीबोर्डवर तो तिथे उमटणार नाही, हे तुम्हीच लिहिलंय. चार जागा मोकळ्या असताना तिसरं बटण आत येत नसेल, तर त्याला जागा कमी पडली असं कसं म्हणायचं? कदाचित सहाच्या सहा जागांत 01 भरलेला दिसेल. तो ‘गोंधळ झालाय, यातलं काही खरं धरू नका’ असा ठरलेला संकेत आहे. सहापेक्षा जास्त बटणं झाली की तो पाठवायचा असतो आणि बटणांची जोडणी उलगडत नसेल तर तेव्हाही पाठवायची मुभा आहे. तीनच बटणांवर तो आला, तर पहिलं कारण आपोआप बाद होतं.

‘स्वस्त कीबोर्डात मर्यादा तीन-चारवर येते’ हेही तपासून बघा. त्याच कीबोर्डवर A, S, D, F ही चार बटणं एकत्र धरा. बहुधा चारही येतील. चार येतात आणि तीन येत नाहीत, ही कसली संख्येची मर्यादा? अडतं ते कोणती तीन यावर, किती यावर नाही. आणि यूएसबीवरच खापर फोडायचं असेल तर जुन्या पीएस/टू कीबोर्डांचं काय करणार? तिथे प्रत्येक बटण दाबल्याचा आणि सोडल्याचा वेगळा संदेश जातो, सहा जागांची भानगडच नाही. तरीही त्यातल्या मेम्ब्रेनवाल्या, म्हणजे बटणांखाली प्लॅस्टिकच्या चादरी असलेल्या कीबोर्डांत तिसरं बटण असंच गायब व्हायचं.

तर तुम्ही ज्याला पुराण म्हणालात ते पुन्हा एकदा, या वेळी फक्त चार बटणांवर. शंभरेक बटणांना शंभर वेगळ्या तारा कीबोर्डातल्या कंट्रोलर चिपपर्यंत कोणी नेत नाही. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी करतात, समजा 8 रो आणि 16 कॉलम. चोवीस तारांत 128 छेद मिळतात आणि प्रत्येक बटण एकेका छेदावर बसतं. बटण दाबलं की तिथली रो आणि तिथला कॉलम एकमेकांना टेकतात. कंट्रोलर एका वेळी एकच कॉलम शून्य व्होल्टवर ओढतो, बाकीचे मोकळे सोडतो आणि कोणती रो खाली आली ते बघतो. मग पुढचा कॉलम. हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं.

धरून चालू की Q आणि W पहिल्या रोवर आहेत, A आणि S दुसऱ्या रोवर. Q आणि A पहिल्या कॉलमवर, W आणि S दुसऱ्या. आता Q, W आणि A दाबून धरा, S ला हात लावू नका. कंट्रोलर दुसरा कॉलम खाली ओढतो. W दाबलेलं आहे, म्हणून पहिली रो खाली येते. इथपर्यंत ठीक. पण Q सुद्धा दाबलेलं आहे, त्यामुळे पहिली रो आपल्याबरोबर पहिल्या कॉलमलाही खाली ओढते. आणि A दाबलेलं असल्यामुळे पहिला कॉलम दुसऱ्या रोला. कंट्रोलरला दिसतं एवढंच की दुसरा कॉलम ओढला आणि दुसरी रो खाली आली, म्हणजे S दाबलं गेलं. हे न दाबलेलं S म्हणजे घोस्ट.

फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरमधला प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना हे माहीत असतं. दोन रोंमध्ये दोन कॉलम सामाईक निघाले की चौकोन पूर्ण झाला, आणि ते ओळखायला दोन ओळी पुरतात. row[i] मध्ये त्या रोवर जे कॉलम टेकलेले दिसले त्यांचे बिट असतात, i आणि j या दोन वेगळ्या रो:

```c
uint16_t c = row[i] & row[j];
if (c & (c - 1)) ghost = true;
```

गंमत पुढे आहे. Q आणि W आधीच धरलेले होते, मग A आलं. कंट्रोलरच्या नजरेला A आणि S एकाच फेरीत उगवले. खरं कोणतं? A दाबलं असतं, S दाबलं असतं किंवा दोन्ही दाबली असती, तरी तारांवरचं चित्र हुबेहूब तेच असतं. कितीही हुशार फर्मवेअर लिहा, तारांवर जे नाहीच ते त्याला वाचता येणार नाही. मग कंट्रोलर सुरक्षित मार्ग धरतो: Q आणि W जसे होते तसे ठेवतो आणि नव्या दोघांनाही बाहेर ठेवतो. खोटं S टळतं, त्याच्याबरोबर खरं A ही जातं. तुमचा स्पेस असाच गेला. तुमच्या तीन बटणांपैकी कोणतं चौकोनाच्या कोणत्या टोकाला आहे ते मला माहीत नाही, प्रत्येक मॉडेलची जाळी वेगळी असते. पण दोन बाणांऐवजी एकच बाण धरून स्पेस दाबलात तर तो नक्की चालेल, कारण दोन बटणांचा चौकोन होत नाही. म्हणूनच अशा कीबोर्डाला टू-की रोलओव्हर म्हणतात: कोणतीही दोन बटणं खात्रीने, पुढचं नशिबावर. आणि दोनच बटणंही एकत्र चालत नसतील, तर ते घोस्टिंग नव्हे, बिघाड दुसरा आहे.

शिफ्ट, कंट्रोल सहसा अडत नाहीत, कारण डिझाइन करणारे त्यांना मुद्दाम अशा छेदांवर ठेवतात जिथे चौकोनाच्या चौथ्या टोकाला बटणच नसतं. तिथे घोस्ट आलं तरी ते खोटं आहे हे आधीच ठाऊक असतं.

छापील ‘अँटी-घोस्टिंग’बद्दल थोडक्यात. खोटं बटण येऊ दिलं नाही, एवढ्यावरही तो शब्द खरा ठरतो. तुमचं खरं बटण गिळलं तरी. काही ठिकाणी W, A, S, D च्या आसपासच्या तारा तेवढ्या वेगळ्या फिरवलेल्या असतात आणि बाकीचा कीबोर्ड होता तिथेच असतो. खोक्यावरच्या शब्दांचा जाब छापणाऱ्यांना विचारा, मला नको.

या रोगावरचं औषध प्रत्येक बटणाला एक डायोड हे आहे, बहुधा 1N4148. प्रवाह रोकडून कॉलमकडे जाऊ द्यायचा, उलटा नाही. वरच्या उदाहरणात प्रवाह A मधून आणि W मधून सरळ जातो, पण Q मधून त्याला उलटं जावं लागतं. Q चा डायोड तिथे अडवतो आणि S कधीच उगवत नाही. मेम्ब्रेनमध्ये प्लॅस्टिकच्या चादरींवर छापलेल्या तारा असतात, तिथे बटणागणिक डायोड बसवणं परवडत नाही, म्हणून तिथे जाळीचा असा लपंडाव चालतो.

आणि ‘तपासत चला’ म्हणालात म्हणून एक किस्सा. मी डायोड सोल्डर करून केलेल्या एका कीबोर्डात कधीकधी आपोआप एक अक्षर उमटायचं, तेही ठरावीक तीन बटणं दाबल्यावरच. मी जे अक्षर उमटतंय त्याचाच डायोड बदलत बसलो नाही. घोस्टच्या समोरच्या टोकाला, तिरकस कोपऱ्यात जे बटण येतं त्याचा डायोड मीटरवर लावला. दोन्ही दिशांनी वाजला, शॉर्ट झालेला. वर Q च्या जागी जे आहे ते हेच. इकडून तिकडून उचललेल्या माहितीवर तो कोपरा सापडला असता का, हे तुम्हीच सांगा.

राहिला तुमचा सहाचा आकडा. तोही यूएसबीचा स्वभाव नव्हे. आठ बाइटांचा तो साचा संगणक सुरू होताना चालणाऱ्या बायॉससारख्या साध्या प्रोग्रामना कीबोर्ड कळावा म्हणून आहे. एन-की रोलओव्हरवाले, म्हणजे कितीही बटणं एकत्र ओळखणारे कीबोर्ड त्याच यूएसबीवर बटणागणिक एक बिट असा मोठा रिपोर्ट पाठवतात. पण पाठवायला आधी बटण ओळखता यायला हवं, आणि ते जाळीतच हरवलं असेल तर रिपोर्ट कितीही मोठा असून काय उपयोग?

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा तिन्ही बटणं धरून आलेले ते आठ बाइट सोबत चिकटवा. सहाही जागा वेगवेगळ्या क्रमांकांनी भरलेल्या निघाल्या, तर यूएसबीवर पुन्हा बोलू.