घाम काढून फ्लू जात नाही

"फ्लू म्हणजे साधा ताप हो, त्याचं एवढं काय! घाम काढा, व्हायरस घामावाटे निघून जातो. एक गोळी घ्या, ताप उतरला की दुसऱ्या दिवशी पळायला या. हार्टचं जे काय होतं ते म्हाताऱ्यांना, बीपी-शुगरवाल्यांना. पळणाऱ्याचं हृदय दगडासारखं असतं. आठवडाभर लोळलात तर तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर हा निरोप थंडीत हमखास फिरतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, थंडीतला फ्लूही त्याच सुमाराला जोर धरतो, आणि रविवारचा लांब पल्ला कुणालाच चुकवायचा नसतो. त्यामुळे असं कुणीतरी म्हणावं हे सगळ्यांना हवंच असतं. मी फिजिशियन आहे आणि स्वतः पळतो. निरोपात ज्या क्रमाने मुद्दे आलेत त्याच क्रमाने बोलतो.

आधी घाम. फ्लूचा विषाणू नाक, घसा, श्वासनळ्या आणि फुफ्फुसांच्या आतल्या पेशींत वाढतो. घामाच्या ग्रंथींशी त्याचा काही संबंध नाही. त्याला संपवतात त्या आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, आणि त्या कामाला काही दिवस लागतात. घाम आला की अंग थंड पडतं, थोडं हलकं वाटतं, एवढंच खरं. ही समजूत तिथूनच आली असणार.

आता त्याच वेळी हृदयावर काय चाललेलं असतं ते बघा. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. १०२ फॅरनहाइट म्हणजे नेहमीपेक्षा जवळजवळ दोन अंश जास्त. म्हणजे माणूस गादीवर पडून असतानाही हृदय मिनिटाला वीसेक ठोके जादा टाकत असतं. जेवण नीट नाही, पाणी पोटात टिकत नाही, आणि त्यात आपण ब्लँकेट गुंडाळून सूर्यनमस्कार घालायचे!

विषाणू अंगात असताना व्यायाम केला तर काय होतं, हे माणसांवर करून बघता येत नाही. उंदरांवर बघितलं गेलं आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉक्सॅकी बी३ या विषाणूची लागण झालेल्या उंदरांना रोज पोहायला लावलं. आराम करणाऱ्या उंदरांपेक्षा त्यांच्या हृदयात विषाणू कित्येक पटींनी जास्त सापडला, आणि जास्त उंदीर मेले. तो विषाणू फ्लूचा नव्हता आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्यच. पण ज्या आजारात हृदयाच्या स्नायूंना सूज येऊ शकते, त्यात जोराचा व्यायाम नको हे सांगण्यामागे असा आधार आहे. नुसता डॉक्टरी घाबरटपणा नाही.

गोळीचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. पॅरासिटामॉल चार-सहा तास ताप खाली ठेवतं, अंगदुखी कमी करतं, जरूर घ्यावं. पण त्याने विषाणू मरत नाही. ताप गेला असं म्हणायचं ते गोळी न घेता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही तर. आणि हृदयाची सूज बऱ्याचदा उगवते ती ताप उतरायला लागल्यावर, आजाराच्या चौथ्या दिवसापासून पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात. विषाणू स्वतः हृदयाच्या स्नायूला थोडीफार इजा करतो, आणि त्याच्यामागे लागलेली आपलीच प्रतिकारशक्ती त्यात आणखी भर घालते. वैद्यकीय भाषेत याला मायोकार्डायटिस म्हणतात. थर्मामीटरवर ९८ दिसतंय म्हणून आतली ही धामधूम थांबलेली असेलच असं नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. वय एकतीस, व्यसन नाही, दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत पळणारा. सोमवारी कणकण, रात्री १०२ ताप, मंगळवार-बुधवार अंग मोडून आलेलं. गुरुवारी ताप उतरला, शुक्रवारी तो ऑफिसला गेला. शनिवारी जिना चढताना धाप लागली तेव्हा त्याला वाटलं, अशक्तपणा आहे. रविवारी पहाटे ग्रुपसोबत अठरा किलोमीटरला निघाला. नेहमीच्या संथ वेगाला त्याच्या घड्याळात १४५ ठोके दिसायचे, त्या दिवशी १७५ दिसत होते. सहाव्या किलोमीटरला छातीत भरून आल्यासारखं झालं. मित्र म्हणाले ॲसिडिटी असेल, लिंबू-सरबत घे. त्याने घेतलं, आणि आणखी दोन किलोमीटर पळाला.

संध्याकाळी आला तेव्हा छाती दुखत होती. आडवं झालं की जास्त, पुढे वाकून बसलं की जरा बरं. ही खूण हृदयाभोवतालच्या आवरणालाही सूज असल्याची. ईसीजीत बदल होते, पण एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा आल्यावर दिसतात तसे ठरावीक भागापुरते नव्हते, जवळजवळ सगळीकडे पसरलेले. रक्तातलं ट्रोपोनिन खूप वाढलेलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. हार्ट अटॅक नाही ना, म्हणून अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. टू-डी इकोवर पंपिंग ४८ टक्के. नेहमीचा आकडा ५५ च्या वर असतो. हृदयाचा एमआरआय केला तेव्हा स्नायूच्या बाहेरच्या थरात सुजेचे ठिपके दिसले आणि निदान पक्कं झालं. चार दिवस मॉनिटरवर ठेवलं, कारण अशा वेळी भीती पंपिंगपेक्षा ठोक्यांची जास्त असते. सुजलेल्या ठिपक्यांमधून विजेचा संदेश अडखळत जातो. त्यात पळताना ॲड्रिनलिन वाढलं की ठोके भरकटू शकतात, आणि तरुण खेळाडू मैदानावर कोसळतो तो यानेही.

आता वयाचं. निरोपातला एवढाच भाग मी निम्मा मान्य करीन. फ्लूने हृदयाला होणारा त्रास खरोखरच वयस्कांना आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांना जास्त होतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहा पट दिसलं, आणि त्यातले बहुतेक रुग्ण उतारवयातले होते. अमेरिकेत फ्लूने रुग्णालयात दाखल झालेल्या ऐंशी हजारांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण दर आठांपैकी एकाला हृदयाचा काही ना काही तीव्र त्रास झालेला होता. मायोकार्डायटिसचं निदान मात्र हजारात एकाच्या आसपास. तेही दाखल झालेल्यांत, घरी बरे होणाऱ्यांत नव्हे. तेव्हा हा आजार दुर्मीळ आहे, हे मी लपवत नाही. फ्लू झालेल्या प्रत्येकाने ईसीजी काढत फिरू नये.

पण हा दुर्मीळ प्रकार तरुण, धडधाकट माणसांनाही गाठतो, आणि त्यांच्या बाबतीत जोर लावणं हीच गोष्ट धोका वाढवते. स्वीडनमधलं उदाहरण आहे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून पळण्याचा ओरिएंटियरिंग हा खेळ तिथे फार लोकप्रिय. १९७९ ते १९९२ या काळात तिथले सोळा तरुण ओरिएंटियर अचानक गेले, पंधरा मुलगे आणि एक मुलगी. शवविच्छेदनात त्यांच्यातल्या अनेकांच्या हृदयात सूज सापडली. संशय फ्लूवर नव्हता, एका जिवाणूवर होता, आणि त्यावर अजूनही चर्चा होते. पण ती हृदयं दगडासारखी म्हणावीत अशाच खेळाडूंची होती. शेवटी तिथल्या संघटनेने काही महिने सराव आणि स्पर्धा थांबवल्या आणि आजारपणात व्यायाम न करण्याची ताकीद दिली. त्यानंतरची काही वर्षं असा मृत्यू झाला नाही. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण मी असतो तर मीही स्पर्धा थांबवल्या असत्या.

राहिली मेहनत. दहा-बारा दिवस न पळल्याने दमसास थोडा घटतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक परत येतो. माझ्या या रुग्णाचं काय झालं ते बघा: तीन महिने पळणं पूर्ण बंद, वजन उचलणं बंद, नुसतं सपाटीवर चालणं. तीन महिन्यांनी इको उत्तम आला, ट्रोपोनिन नॉर्मल, पण चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या हॉल्टर यंत्रावर जादा ठोके दिसले, म्हणून आणखी थांबला. सहाव्या महिन्यात हॉल्टर स्वच्छ आला, ट्रेडमिल टेस्ट नीट पार पडली, मग परवानगी मिळाली. मायोकार्डायटिसनंतर तीन ते सहा महिने हाच रूढ सल्ला आहे. हल्ली निवडक रुग्णांना तपासण्या बघून थोडं आधी सोडतात. एका रविवारच्या अठरा किलोमीटरचा त्याचा हिशेब हा असा झाला.

साधा फ्लू झालेल्यांना मी जे सांगतो ते एवढंच. गोळीशिवाय ताप गेल्यावर आठवडाभर जोराचा व्यायाम नाही. घरातली कामं, चालणं चालेल. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजा, ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल तर त्या दिवशी बूट घालू नका. मग वीस मिनिटं चाला, दुसऱ्या दिवशी जरा भरभर, नंतर थोडं हळू पळा. नुसतं नाक गळत असेल, ताप नाही, अंगदुखी नाही, तर हलका व्यायाम करायला हरकत नाही. पण ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल तर नाही. हमाली करणाऱ्याला किंवा रात्रपाळीवाल्याला आठवडा सुट्टी कुठून मिळणार, हे मला कळतं. त्यांना मी निदान ओझं उचलण्याचं काम काही दिवस दुसऱ्याकडे द्यायला सांगतो, आणि चिठ्ठी लिहून देतो.

मात्र छातीत दुखलं, नेहमीच्या जिन्याला धाप लागली, ठोके चुकल्यासारखे वाटले, चक्कर येऊन पडलात किंवा पाय सुजले, तर चालायलाही जाऊ नका. त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन करून घ्या. एकटा ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नका, मायोकार्डायटिसमध्ये तो कधीकधी नॉर्मलही असतो. आणि कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगा की गेल्या आठवड्यात फ्लू झाला होता. माझ्या त्या रुग्णाने ते सांगितलंच नव्हतं, मी विचारल्यावर म्हणाला, "हो, पण तो तर बरा झाला ना, सर."