पासपोर्ट हरवला की आधी ठाणं, मग दूतावास, आणि तिसरी खिडकी कोणी सांगत नाही

परदेशात पासपोर्ट गेला की आपला नागपूरकर पहिला फोन कोणाला लावतो? नागपूरलाच. "दिल्लीत कोणाची ओळख आहे का हो?" आमच्याकडे हेच झालं. मेहुण्याने बँकॉकच्या फुटपाथवर उभं राहून धरमपेठेतल्या तिघांना फोन केले, तिघांनीही "बघतो" म्हटलं, आणि त्यात चाळीस मिनिटं गेली. ओळख इथे कामाची नाही. इथे कागदांची रांग असते. प्रत्येक खिडकीवर आधीच्या खिडकीचा कागद मागतात, आणि क्रम चुकला की एक दिवस जातो.

शनिवारची दुपार होती. बाजारात तुडुंब गर्दी. मेहुण्याची पाठीवरची सॅक खालून ब्लेडने चिरलेली, आतलं पाऊच गायब. पाऊचमध्ये पासपोर्ट, थोडे बाट आणि त्याचं एक कार्ड. परतीचं विमान सोमवारी रात्रीचं. शनिवार-रविवार दूतावासाचं कामकाज बंद. त्यांचा आणीबाणीचा नंबर असतो, आम्ही लावला, उचललाही. पण पलीकडच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पोलिस रिपोर्ट झाला का?"

रिपोर्ट करण्याआधी एक काम मात्र मुकाट्याने करा. हॉटेलची तिजोरी, बॅगेचं अस्तर, बायकोची पर्स, सगळं शोधा. कारण हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो, आणि त्याचा नंबर इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या कागदांच्या यादीत जाऊ शकतो. नंतर तो गादीखाली सापडला तरी त्यावर विमानतळावर जायचं नाही, अडकाल. म्हणून आधी नीट शोधा, पण त्यासाठी दिवस घालवू नका, रिपोर्ट त्याच दिवशी करा. आमची तर सॅकच चिरलेली होती, शोधायचं काय!

थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. तिथे इंग्रजी बोलणारा माणूस मिळतो, पण लेखी रिपोर्ट घटना घडली त्या भागातल्या ठाण्यातच होतो. ठाण्यातला अधिकारी सज्जन होता, त्याने मेहुण्याला पाणीही दिलं. कागद थाईत, खाली थोडं इंग्रजी. मेहुण्याने सही केली, घडी घातली, खिशात ठेवला. आणि इथेच माती खाल्ली. भारतीय पासपोर्टच्या नंबरात एक अक्षर आणि सात आकडे असतात. त्या कागदावर शेवटचे दोन आकडे उलटसुलट पडले होते. आम्ही कोणी वाचलंच नाही. सोमवारी सकाळी दूतावासाच्या खिडकीवर बाईंनी फोनमधली पासपोर्टची प्रत आणि रिपोर्ट शेजारी ठेवून बोट टेकवलं. "ये नंबर अलग है." परत टॅक्सी, परत ठाणं, परत शिक्का. त्यात अर्धा दिवस गेला.

तेव्हा ठाण्यातून बाहेर पडायच्या आधी चार गोष्टी बोट ठेवून वाचा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, तारीख, जागा. आणि चोरी झाली असेल तर चोरी, हरवला असेल तर हरवला, जे खरं तेच लिहून घ्या. इन्शुरन्सवाले नंतर हाच कागद मागतात, तिथे गोष्ट बदलता येत नाही.

दूतावासात दोन वाटा असतात, आणि लोक इथेच गोंधळतात. एक म्हणजे नवा पासपोर्ट. त्याला वेळ लागतो, कारण भारतातल्या नोंदी पडताळल्या जातात. दुसरी इमर्जन्सी सर्टिफिकेट, सगळे ईसी म्हणतात. ते फक्त भारतात परतायला, एकाच दिशेच्या प्रवासाला चालतं. फिरायला गेलेल्याला ईसी ठीक. पण तुमचा पोरगा तिथे शिकत असेल किंवा नोकरीला असेल तर घाईने ईसी घेऊ नका. ते घेतलं म्हणजे भारतात आलात, परत जायला नवा पासपोर्ट आणि व्हिसाची कटकट नव्याने.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. सोबत पोलिस रिपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन इंची चौकोनी फोटो, परतीचं तिकीट, हरवल्याचं शपथपत्र आणि जुन्या पासपोर्टची प्रत. मेहुण्याच्या फोनमध्ये फोटोचं पान होतं, पण पत्त्याचं शेवटचं पान नव्हतं. ते माझ्या बायकोच्या जुन्या ईमेलमध्ये सापडलं, कुठल्याशा व्हिसाच्या अर्जासाठी कधीतरी स्कॅन केलेलं. त्याने काम सोपं झालं. प्रतच नसेल तर आधार, मतदार कार्ड दाखवून तुम्ही भारतीय आहात हे पटवावं लागतं, आणि चौकशी लांबते.

मंगळवारी ईसी हातात आलं. मेहुणा म्हणाला, "चला भाऊजी, आता सुटलो." मी पण तसंच समजलो होतो. पण त्याच्या थायलंडमध्ये शिरल्याचा शिक्का चोराच्या खिशात होता! नव्या कागदावर तुम्ही देशात कधी, कसे आलात याचा काहीच पुरावा नसतो. तो मिळवायला थायलंडच्या इमिग्रेशन कार्यालयात जावं लागतं. बँकॉकमध्ये ते शहराच्या उत्तरेला चेंग वत्थना रस्त्यावरच्या सरकारी संकुलात आहे, सोमवार ते शुक्रवार चालू, दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी. ईसी आणि पोलिस रिपोर्ट दाखवला की ते त्यांच्या नोंदीतून प्रवेशाची तारीख काढून कागदावर घेतात. येतानाचा बोर्डिंग पास किंवा तिकिटाचा ईमेल जवळ ठेवा, शोधायला सोपं जातं. हे न करता थेट विमानतळावर गेलं तर काउंटरवर अडवण्याची भीती. दुसऱ्या देशातही हाच प्रश्न वेगळ्या नावाने येतो, म्हणून दूतावासाच्या खिडकीवरच विचारून घ्या, "निघताना इमिग्रेशनला आणखी काय लागेल?"

आणि तिकीट. आपल्या नागपूरहून बाहेर जायचं म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी बदलावं लागतं, त्यामुळे स्वस्तात मिळालं तर तिसऱ्या देशातून घेतो. आमचं परतीचं क्वालालंपूरमार्गे होतं. सोमवारचं विमान तर गेलंच, पण तारीख बदलून तेच तिकीट वापरायचं म्हटलं तरी ईसीवर मधल्या देशात बदलू देतील की नाही, हे एअरलाइनकडून लेखी घ्यायला हवं होतं. त्यांनी ठाम उत्तर दिलं नाही. मी मेहुण्याला सरळ बँकॉक-कोलकाता घ्यायला लावलं. पैसे गेले, पण मधल्या विमानतळावर एकटा अडकला असता तर? बायकोने भावाला एकटं सोडायचं नाही असं आधीच जाहीर केलं होतं, म्हणून आम्हीही त्याच विमानात.

ईसीचा मूळ कागद भारतात उतरल्यावर आपल्याकडेच राहील असं धरू नका. निघायच्या आधी त्याचा आणि पोलिस रिपोर्टचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. नव्या पासपोर्टच्या अर्जाला तेच कामाला येतात. मेहुण्याने नागपुरात हरवलेल्याच्या बदल्यात पासपोर्ट मागितला, ३६ पानांचा. साध्या अर्जाला १,५०० रुपये लागतात, पण हरवल्यावर ३,०००, आणि तत्काळ हवा असेल तर वर २,०००. शपथपत्रही पुन्हा, त्यावर कुठे, केव्हा, कसा गेला ते रिपोर्टशी जुळतं लिहायचं. पोलिस पडताळणीला घरी शिपाई आला तेव्हा मेहुणा त्याला सॅकची चिर दाखवायला निघाला होता. त्याला पत्त्याच्या पुराव्यात रस होता.

एक राग राहिलाच. एका टूरमध्ये मॅनेजरने सगळ्यांचे पासपोर्ट "सुरक्षित राहतील" म्हणून एका पिशवीत घेतले होते, तेव्हा आम्ही खुशाल दिले. आता नाही देणार. एक पिशवी गेली तर चाळीस माणसं एकाच ठाण्यात रांगेत.