श्यामच्या आईने जमीन विकायला सांगितले होते

आज 24 डिसेंबर, साने गुरुजींची जयंती. आमच्या गावच्या शाळेत कार्यक्रम होता आणि पालक म्हणून मीही गेलो होतो. पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केले. ‘पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसे मनालाही जप’ हा एकच प्रसंग त्यांनी तीनदा सांगितला, मुलांकडून आईवडिलांना नमस्कार करण्याची शपथ घेतली आणि चहा घेऊन ते निघून गेले. मी घरी आलो तो संतापूनच. गेल्या आठवड्यात ‘श्यामची आई’ पुन्हा वाचून संपवली नसती, तर कदाचित मीही टाळ्या वाजवून आलो असतो.

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचले ते 1993 मध्ये, सहावीत असताना. तेव्हा मला सर्वांत आवडायची ती दिवाळीची रात्र. वडिलांचे धोतर फाटलेले असते आणि आई स्वतःच्या भावाकडून आलेल्या ओवाळणीच्या पैशांतून स्वतःसाठी काही न घेता त्यांच्यासाठी नवे धोतर आणवते. ते वाचून मला किती आनंद झाला होता, हे आजही आठवते. पत्रावळ, श्यामचे पोहणे, अळणी भाजी हेही सगळे पाठ होते. बेचाळीस रात्रींपैकी शेवटच्या दहा-बारा रात्री मात्र मी भराभर उलटल्या होत्या, कारण त्यांत कर्ज, सावकार आणि आजारपण होते आणि ते वाचताना कंटाळा यायचा. खरे म्हणजे कंटाळा नव्हे, भीती वाटायची.

त्याच वर्षी आमच्या घरात काय चालले होते, ते सांगतो. त्याशिवाय पुढचे लिहिता येणार नाही.

बाबांनी गावातल्या एका सावकाराकडून तीस हजार रुपये उचलले होते, शेकड्याला महिना चार रुपये व्याजाने. म्हणजे महिन्याला बाराशे आणि वर्षाला चौदा हजार चारशे. आमची सात एकर जमीन, सगळी कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तुरीची. एका रात्री जेवताना माय म्हणाली, “दोन एकर इकून टाका अन् मोकये व्हा.” तेव्हाच्या भावाने दोन एकरांत मुद्दल जवळजवळ फिटले असते. बाबांनी ताट बाजूला सारले आणि म्हणाले, “बाईनं वावराच्या गोष्टी नाही करा.” त्या रात्री माय काही बोलली नाही. मी कंदिलाजवळ बसून दिवाळीचे प्रकरण वाचत होतो.

आता पुस्तकाकडे येतो. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ या रात्री श्यामची आई नवऱ्याला हेच सांगते, की जमीन विकून कर्ज फेडून टाकावे. नवऱ्याला ते पटत नाही. घराणे खोताचे, वाडवडिलांची जमीन, लोक काय म्हणतील! मग सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, नको ते बोलतो आणि ती माउली त्याला ओट्यावरून चालते व्हायला सांगते. पुढे ‘तेल आहे, तर मीठ नाही’ आणि त्यानंतर ‘अब्रूचे धिंडवडे’. ज्या अब्रूसाठी जमीन विकायची नव्हती, ती अब्रू शेवटी जप्तीच्या वेळी भर गावात गेलीच. तीस वर्षांपूर्वी मी ही पाने उलटून टाकली होती. या वेळी एकेक पान वाचायला मला एक संध्याकाळ लागली.

ज्या बाईला आपण नव्वद वर्षे फक्त माया आणि शिस्त यांची मूर्ती करून ठेवले, त्या बाईला घरात सर्वांत चांगला हिशोब येत होता. व्याज थांबत नाही आणि जमीन वाढत नाही, त्यामुळे तुकडा विकायचा असेल तर आजच विकावा, हे तिला कळत होते. तिचे कोणी ऐकले नाही, एवढीच त्या घराची कहाणी आहे. पाहुण्यांना हे दिसले नाही का? की दिसूनही सांगायचे नव्हते?

संस्कार पुस्तकात आहेत, हे मान्य. सहावीच्या मुलांना व्याजाचा दर काय सांगायचा, असे कोणी म्हणेल, तेही समजू शकतो. पण माझ्या गावातल्या सहावीच्या मुलाला व्याजाचा दर माहीत असतो. त्याने तो भिंतीपलीकडून ऐकलेला असतो.

आणखी एक गोष्ट लहानपणी माझ्या लक्षात आली नव्हती. ज्या घराच्या पडझडीसाठी मी रडलो, ते खोताचे घर होते. खोत म्हणजे कोकणात कुळांकडून सारा वसूल करणारा मधला माणूस. ती पद्धत 1949 च्या कायद्याने गेली. त्या कुळांच्या घरी कोण रडले असेल, हे पुस्तकातून फारसे कळत नाही. पण 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून स्वतःच्याच आईविषयी लिहिणाऱ्या मुलाकडे मी त्याचा जाब मागणार नाही. स्वतःच्या घराची जप्ती त्याने लपवली नाही. तेवढे धैर्य मला अजून झालेले नव्हते.

म्हणून आज लिहितो. तीन वर्षांत बाबांना एक पैसाही देता आला नाही. सरळ व्याजाने हिशोब केला तरी त्रेचाळीस हजार दोनशे व्याज आणि तीस हजार मुद्दल. 1996 मध्ये सावकाराने गहाणखत नको म्हटले आणि पाच एकरांचे खरेदीखत करून घेतले. पैसे दिले की वावर परत करतो, असे तोंडी सांगितले. आमच्या भागात कर्जासाठी जमीन अशीच जाते, कागदावर ती विक्री असते आणि व्याजाचा कुठे उल्लेखही नसतो. 2014 मध्ये सावकारी नियमनाचा कायदा आला, तेव्हा मी कागद घेऊन तालुक्याला गेलो होतो. अशी जमीन परत मिळवता येते, पण व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा. आमचा अठरा वर्षांपूर्वीचा होता. दोन एकर विकायचे नव्हते म्हणून पाच गेले.

बाबांवर मी पुष्कळ वर्षे चिडून होतो. लिहिता लिहिता ते थोडे कमी होते आहे. श्यामच्या वडिलांविषयी गुरुजींनी कुठेही कडू शब्द लिहिलेला नाही. ‘अळणी भाजी’मध्ये मीठ नसलेली भाजी वडील काही न बोलता खातात आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हाच तिला ते कळते. लहानपणी मला त्यात वडिलांचा चांगुलपणा दिसला होता. आता असेही वाटते, की जो माणूस ताटातले अळणी आहे हे सांगू शकत नाही, तो कर्ज किती झाले हे तरी कसे सांगणार? बाबा तसेच होते. त्यांनी आम्हाला कधी आकडा सांगितला नाही. तो मला खरेदीखत झाल्यावर मायने सांगितला.

शाळेतून आल्यावर मी मायला कर्जाची ती रात्र वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही. अंगणात बसून ती तूर पाखडत होती. सावकाराचा माणूस ओट्यावर आला तेव्हा तिचे सूप थांबले. प्रकरण संपल्यावर तिने विचारले, “मंग इकलं का त्यानं वावर?”

मी म्हटले, “नाही.”

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तिनं सांगतलं होतं न पण?” आणि सूप पुन्हा हलवायला लागली.